पाहुणा की पाहुणी ठाऊक नसेल, तर निरोप कसा लिहावा?

सुरंगी: गुहागरला आमचं घरगुती निवास आहे. बुकिंग 'एस. कदम' अशा नावाने येतं, बाई की पुरुष ते कळत नाही. ठरावीक निरोप फोनवर आपोआप जातात. त्यात लिहिलंय, 'तुम्ही पोहोचला आहात का? निघताना काही विसरला असाल तर कळवा.' परवा एका बाईंनी नाराजीने विचारलं, 'मी पुरुष आहे असं कुणी सांगितलं?' सगळीकडे 'पोहोचला/ल्या' करू का?

खाडीकाठ: तिरकी रेघ नको. फोन मोठ्याने वाचून दाखवतो तेव्हा तिचा नुसता गोंधळ होतो. आणि 'तुम्ही'त काही दोष नाही. 'तुम्ही येता, येत आहात, याल, येणार आहात' हे बाईला आणि पुरुषाला सारखंच. 'पोहोचला आहात' लिहिलं की मात्र बाईसाठी 'पोहोचल्या आहात' करावं लागतं. म्हणून 'आहात' काढा आणि 'तुम्ही पोहोचलात का?' एवढंच ठेवा. शेवटचा 'त' गळला तर ते 'पोहोचला का' होतं, म्हणजे पुन्हा पुरुषालाच विचारल्यासारखं.

दुसऱ्या वाक्यात 'विसरला असाल'ची तीच अडचण आहे. तिथे माणसाला बाजूला ठेवून वस्तूवर या. 'खोलीत काही राहिलं असेल तर कळवा.' आता क्रियापद वस्तूमागे चालतं. 'येताना', 'पोहोचल्यावर' हे शब्दही बिनधास्त वापरा, त्यांत लिंग दिसतच नाही.

वाडीतला: 'पोहोचलात' बाईला चालतं हे मला पटत नाही. आमच्या आईला शेजारी 'कधी आल्यात?' असंच विचारतात. 'आलात' ऐकलं की कुणीतरी वडिलांशी बोलतंय असं वाटतं.

खाडीकाठ: बोलण्यात 'आल्यात' आहे, मीही ऐकतो. पण लिहिताना 'आलात' दोघांनाही सर्रास वापरतात, त्यामुळे वाचणारी बाई सहसा अडखळत नाही. 'आल्यात' मात्र पुरुषाला कधीच चालणार नाही.

वाडीतला: सहसा म्हणजे सगळ्या नव्हेत. माझी आई अडखळेल.

माडबाग: मालवणीत मुलीला 'चेडू' म्हणतात आणि क्रियापदही नपुंसकलिंगी येतं, 'चेडू इलां'. मग निरोपांतही नपुंसकलिंग घ्या ना, वादच मिटेल.

खाडीकाठ: चेडूचं खरं आहे, पण ते लेकराला शोभतं. 'मूल आलं' तसं 'कदम आलं' लिहिलंत तर साठीच्या पाहुण्याला तो अपमान वाटेल. मोठ्या माणसाला नपुंसकलिंग लावलं की मराठीत मान जातो.

किनारपट्टी: आमच्या सोसायटीत 'अध्यक्षा' म्हणायचं की 'अध्यक्ष', यावर दोन सभा झाल्या. 'अध्यक्ष'च ठेवा, पद सगळ्यांचं असतं.

सुरंगी: तो पदनामांचा प्रश्न झाला, माझी अडचण क्रियापदांची आहे.

मुरूड_मनू: एवढी कसरत कशाला? बुकिंगच्या वेळीच स्त्री की पुरुष विचारा आणि दोन निरोप तयार ठेवा. 'काही राहिलं असेल' यात 'विसरलात'ची आपुलकी नाही. नेमकं क्रियापद हे मराठीचं बळ आहे, ते आपण का टाकायचं?

खाडीकाठ: आपुलकी हवी तर 'काही विसरलात का?' लिहा, 'त'मुळे तेही चालतं. पण विचारून काम भागत नाही. मुलगा बुकिंग करतो आणि राहायला आई येते. रकाना रिकामा राहिला तर बहुतेक ठिकाणी पुरुषाचाच निरोप जातो, म्हणजे पुन्हा तीच चूक.

मुरूड_मनू: तरी रकाना भरणाऱ्यांना तरी नेमकं वाक्य मिळेल. मी तेच करेन.

शिंपला: सुरंगीताई, तुमच्या बुकिंगच्या पानावर 'मी नियम मान्य करतो' असं बटण आहे. मी बाई आहे, ते दाबताना दुसऱ्याच्या नावाने सही केल्यासारखं वाटतं.

सुरंगी: ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आजच 'मला नियम मान्य आहेत' करते. आणखी एक विचारते. सकाळी मदतनीस मावशींना निरोप जातो, 'एस. कदम आले, एस. कदम जेवले, एस. कदम निघाले.' तिथे 'तुम्ही' नाही, मग 'त'ही नाही.

खाडीकाठ: तिथे 'यांनी' धरा. 'कदम यांनी खोली सोडली' यात क्रियापद खोलीचं. पण सगळ्या क्रियापदांना 'नी' लागत नाही, जेवणे आणि विसरणे त्यातलीच. म्हणून 'कदम यांचं जेवण झालं', 'कदम यांचा चार्जर राहिला'. उद्याचं असेल तर 'कदम येतील' सरळ लिहा, तिथे काहीच करावं लागत नाही.

सुरंगी: आणि 'आले'? 'कदम यांचं आगमन झालं' लिहिलं तर मावशी म्हणतील, मंत्री आलेत का!

खाडीकाठ: 'कदम यांनी खोली घेतली' लिहून बघा.

सुरंगी: खोली घ्यायच्या आधी ते अंगणात चहा घेत बसतात, आणि मावशींना तेव्हाच कळायला हवं असतं. 'कदम यांना चहा द्या' असं पाठवते. 'आले'ला अजून शब्द सापडला नाही.