मदत हवी आहे: अभ्यासिकेसाठी वर्गणीचा मेसेज, कुणी प्रतिसादच देत नाही

कळवेकर_74: कळव्यातल्या मोफत अभ्यासिकेला 80 हजार हवेत. "यथाशक्ती मदत करा" असा मेसेज सगळ्या ग्रुपवर टाकला. चार दिवसांत जेमतेम 6,400 आले. परीक्षा तोंडावर आहेत. मेसेज लवकर सुधारून द्या.

मीनल_ठाणे: 80 हजार कशासाठी? खातं कुणाचं?

कळवेकर_74: इन्व्हर्टर, खुर्च्या वगैरे. खातं सध्या माझंच.

घणसोलीचा_बाळू: सोसायटीच्या सिंकिंग फंडातून करा ना.

मीनल_ठाणे: बाळूदादा, अभ्यासिका सोसायटीची नाहीये. कळवेकर, कोटेशन टाका.

कळवेकर_74: दोन बॅटऱ्यांसह इन्व्हर्टर 46,000, खुर्च्या 24 नग 1,050 प्रमाणे 25,200, वायरिंग 8,400. मंडळाचे 22,000 आहेतच.

हिशेबनीस: हे 22,000 मेसेजमध्ये का नाहीत? एकूण होतात 79,600. त्यातून मंडळाचे 22,000 आणि जमलेले 6,400 वजा केले की 51,200 उरतात. तोच आकडा पहिल्या ओळीत लिहा. गोल 80 हजार वाचला की अंदाजपंचे ठोकलाय असं वाटतं. कोटेशनमध्ये जीएसटी आणि वाहतूक धरली आहे का, ते दुकानदाराला आधी विचारा. नाहीतर बिल वाढलं की पुन्हा हात पसरावा लागतो आणि तिथेच विश्वास जातो.

पनवेल_एक्सप्रेस: 80जी लिहा, करसवलत म्हटलं की लोक देतात.

हिशेबनीस: संस्थेकडे 80जीचं प्रमाणपत्र असेल तरच लिहा. नुसत्या नोंदणीवर सवलत मिळत नाही. असलं तरी 2,000 च्या वरच्या रोख देणगीला ती नाही. आणि खातं मंडळाचंच द्या. यूपीआयवर पैसे पाठवताना मंडळाऐवजी व्यक्तीचं नाव दिसलं की माणूस थबकतो.

कळवेकर_74: मंडळाचं खातं आहे, पण दोन सह्या लागतात म्हणून टाळत होतो.

मीनल_ठाणे: दोन सह्या लागतात हेच मेसेजमध्ये लिहा! मसुदा देते:

"अभ्यासिकेत वीज गेली तरी दिवे-पंखे चालावेत आणि 24 जणांना बसायला खुर्ची मिळावी म्हणून अजून 51,200 रुपये हवेत. एका खुर्चीचे 1,050. कमी-जास्त रक्कमही चालेल. पैसे मंडळाच्या खात्यात, दोन सह्यांशिवाय निघत नाहीत. पैसे कमी पडले तर आधी वायरिंग आणि इन्व्हर्टर, मग जमतील तेवढ्या खुर्च्या. जास्त जमले तर ते बॅटरी बदलण्यासाठी ठेवू. जमा-खर्च आणि बिलांचे फोटो दर रविवारी याच ग्रुपवर."

हिशेबनीस: मसुदा चोख आहे. फक्त दर रविवारी 51,200 चा आकडा खाली आणायचा. जुना मेसेज फिरत राहिला तर पुरे झाल्यावरही पैसे येत राहतात, म्हणून वर तारीख हवीच.

पनवेल_एक्सप्रेस: देणगीदारांची नावं रकमेसकट टाका, चढाओढ लागते.

मीनल_ठाणे: नको. शंभर देणारा लाजतो. व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आणि रक्कम टाका, ज्याचं त्याला सापडतं.

पनवेल_एक्सप्रेस: नाव नसेल तर आमच्याकडे कुणी देत नाही, ताई.

कळवेकर_74: नावांचं मंडळात विचारतो. कोटेशनमध्ये जीएसटी धरलेला नाही, आत्ताच फोन केला. आकडा बदलून आज रात्री टाकतो.