मदत हवी आहे: निबंधातल्या म्हणी योग्य जागी आहेत की कोंबलेल्या, हे कसं तपासायचं?

रेवती_म:
मुलगी आठवीत आहे. मागच्या निबंधावर बाईंनी शेरा दिला होता, ‘म्हणी, वाक्प्रचार वापर.’ या वेळचा विषय ‘पाणी वाचवा’. तिने ‘पाणी’, ‘थेंब’, ‘विहीर’ असे शब्द असलेल्या म्हणी आणि वाक्प्रचार शोधून काढले आणि सव्वादोनशे शब्दांत सात बसवले. वाचताना मला दर दोन ओळींनी ठेच लागते, पण नेमकं काय चुकतंय ते तिला समजावता येत नाही. तिची वाक्यं अशी:

“आपण पाण्याची नासाडी करून निसर्गाला पाण्यात पाहतो.”
“गळक्या नळातून दिवसभर पाणी जाते. म्हणतातच ना, थेंबे थेंबे तळे साचे!”
“यंदा पाऊस पडला नाही आणि दुष्काळात तेरावा महिना आला.”
“उन्हाळा आला की आपण टँकर मागवतो, म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणतो.”
“मोठ्या माणसांना कितीही सांगा, पालथ्या घड्यावर पाणी.”
“पाणी आणण्यासाठी पाण्यासारखा पैसा खर्च होतो.”
“शेवटी गावाने एकजुटीने टंचाईला पाणी पाजले.”

सरसकट खोडायचं नाही. मेहनत केली आहे तिने. एकेक कसं पारखायचं ते सांगाल का?

निनाद:
छान जमवलंय की! ‘वाहत्या गंगेत हात धुणे’ आणि ‘डोळ्यांत पाणी येणे’ राहिले, तेही घाला. माझ्या मुलाचे ‘वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नात नेहमी गुण जातात. ‘पाणी पाजणे’चं वाक्य त्याने ‘आईने पाहुण्यांना पाणी पाजले’ असं केलं होतं. त्याला काय सांगू?

रेवती_म:
निनाद, आणखी नकोत हो, आहेत त्यातलेच कमी करायचे आहेत.

जुनी_वही:
रेवतीताई, मी बरीच वर्षं आठवी ते दहावीचं मराठी शिकवलं. निनाद यांचा प्रश्न वेगळा असला तरी तुमच्या अडचणीचं मूळ तिथेच आहे. ‘वाक्यात उपयोग करा’ मध्ये वाक्प्रचार आधी हातात येतो आणि त्याच्यासाठी वाक्य रचायचं असतं. मुलं निबंधही तसाच लिहितात. निबंधात मात्र सांगायची गोष्ट आधी येते.

मुलीला एक करायला सांगा. वाक्प्रचार काढून त्या जागी त्याचा साधा अर्थ लिहायचा आणि वाक्य मोठ्याने वाचायचं. पाण्यात पाहणे म्हणजे द्वेष करणे. ‘नासाडी करून आपण निसर्गाचा द्वेष करतो.’ असं तिला म्हणायचं आहे का? नाही, तिला बेफिकिरी म्हणायची आहे. आपण निसर्गाकडे काणाडोळा करतो. इथे वाक्प्रचार फक्त ‘पाणी’ या शब्दासाठी आला आहे, तो जाऊ दे.

थेंबे थेंबेची गोष्ट जरा नाजूक आहे. थोडं थोडं साठत गेलं की मोठा साठा होतो, असा त्या म्हणीचा रोख आहे. ती जमा होण्याबद्दल बोलते आणि शाबासकीच्या सुरात बोलते. गळक्या नळाचं पाणी साचत नाही, गटारात जातं. म्हण खरी आहे, पण तोंड उलट्या दिशेला आहे. निबंधात पुढे छपरावरचं पावसाचं पाणी साठवण्याचा परिच्छेद असेल तर ती तिकडे हलवा, तिथे चपखल बसेल. नळापाशी म्हणीऐवजी हिशेब द्या. सेकंदाला एक थेंब गळला तर दिवसाचे 86,400 थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर सव्वाचार लिटरच्या वर पाणी गेलं. वाचणाऱ्यावर म्हणीपेक्षा हे जास्त ठसेल.

तेरावा महिना म्हणजे अधिक महिना. आधीच दुष्काळ, त्यात वर्ष एका महिन्याने लांबलं. म्हणजे आधी एक संकट हवं आणि त्यावर दुसरं. तिच्या वाक्यात पाऊस न पडणं आणि दुष्काळ ही एकच आपत्ती आहे. ‘विहिरी आटल्या होत्या, त्यात गावचा एकुलता एक पंप जळाला’ असं काही असेल तरच ती म्हण राहू दे.

टँकरचं वाक्य उत्तम आहे, त्याला हात लावू नका. अर्थही जुळतो, चित्रही जुळतं.

आदित्य_के:
माझ्या मते सोपा नियम आहे: एका निबंधात जास्तीत जास्त तीन, आणि ज्या म्हणीत विषयाचाच शब्द येतो ती अजिबात वापरायची नाही. पाण्याच्या निबंधात पाण्याचा वाक्प्रचार आला की वाचणाऱ्याला शब्दशः अर्थच दिसतो. ‘टंचाईला पाणी पाजले’ वाचून मला माठ आणि पेला दिसला. शिवाय पाणी पाजतात ते माणसाला, टंचाईला नाही.

जुनी_वही:
अर्धं पटलं. शब्दशः अर्थ जागा होतो हे अगदी बरोबर. ‘पाण्यासारखा पैसा’ बघा ना. पाणी मुबलक आणि फुकट आहे, ही समजूत त्या वाक्प्रचाराच्या पोटात आहे. पाणी मोलाचं आहे असं सांगणाऱ्या निबंधात तो लिहिला की निबंध स्वतःलाच खोडतो. तिथे ‘अतोनात खर्च’ पुरे.

पण ‘अजिबात नाही’ हे नको, कारण मग विहिरीची म्हणही जाईल. आणि तीनच का? दोनही जड होतील, दोन्ही एकाच परिच्छेदात आल्या तर. आकड्यापेक्षा मी दुसरं बघतो: म्हण झाकून परिच्छेद वाचायचा. काहीच उणं वाटलं नाही तर म्हण आधीच्या वाक्याचाच अर्थ पुन्हा सांगत होती. ‘म्हणतातच ना’ असं लिहून आणलेल्या म्हणी बहुतेक वेळा यात सापडतात.

पाणी पाजणे माणसालाच, हेही पूर्ण खरं नाही. एक संघ दुसऱ्या संघाला पाजतो, सैन्य सैन्याला पाजतं. प्रतिस्पर्धी मात्र हवा. टंचाईला प्रतिस्पर्धी मानायचं की नाही, हा प्रश्न उरतो.

सुमेधा:
मला ते वाक्य आवडलं! टंचाईलाच पाणी पाजलं, यात श्लेष आहे. तो मुद्दाम केला असेल तर का काढायचा?

आदित्य_के:
मुद्दाम केला हे वाचणाऱ्याला कळायला हवं ना. आधीची सहा वाक्यं तशीच भरलेली असताना सातवं मुद्दाम आहे हे बाई कशावरून ओळखणार?

जुनी_वही:
दोघांचंही खरं आहे. बाकीची गर्दी हटली तर कदाचित तो श्लेष दिसेल. मी असतो तर ‘टंचाईवर मात केली’ लिहिलं असतं, पण तिने तो विचार करून केला असेल तर माझा आग्रह नाही.

पालथा घडा राहिला. अर्थ बरोबर आहे, पण म्हण कोण कोणाला म्हणतं तेही बघावं लागतं. सांगूनही न ऐकणाऱ्याला उद्देशून ही म्हण येते, आणि तिच्यात वैताग असतो. आठवीतल्या मुलीने घरातल्या मोठ्यांना म्हटली की सूर उद्धट लागतो.

सुमेधा:
पण मोठी माणसं खरंच ऐकत नसतील तर? मुलांनी तेवढंही म्हणू नये?

रेवती_म:
सगळ्यांचे आभार. काल रात्री लेकीला शेजारी बसवून प्रत्येक ठिकाणी साधा अर्थ घालून वाचलं. ‘निसर्गाचा द्वेष’ ऐकताच तिने स्वतःच पेन उचलून ते खोडलं. तेरावा महिना गेला, पाण्यासारखा पैसाही गेला. नळाचा परिच्छेद आता असा आहे:

“आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळतो. सेकंदाला एक थेंब. दिवसाला चार लिटरहून अधिक पाणी असेच जाते. नळाचा वायसर बदलायला दहा मिनिटे लागतात, पण आम्ही उन्हाळ्याची वाट पाहतो. तहान लागल्यावर विहीर खणायची आपली सवय जुनी आहे.”

थेंबे थेंबे छपराच्या पाण्यापाशी गेलं आणि ‘म्हणतातच ना’ काढलं. श्लेष मुद्दाम केला होता का, असं विचारलं. ती म्हणाली, “आधी नव्हता, पण आता दिसला, आता ठेवणार.” पालथ्या घड्यावर मात्र आमचं अजून ठरलेलं नाही. तिचं म्हणणं सुमेधाताईंसारखंच आहे, आणि नळ खरंच तीन महिने गळतोय. निबंध सोमवारी द्यायचा आहे.