कुठल्या बोलण्याला उत्तर द्यायचं नाही? आणि थांबताना काय म्हणायचं?

आडवाट:
मित्रांमध्ये चार दिवस वाद चाललाय, ०.९९९... म्हणजे बरोबर १ का. मी म्हणतो, हो. एक जण म्हणतो, "कितीही नऊ लिहा, थोडं उरतंच." तीन प्रकारे सिद्ध करून दाखवलं, तरी गाडी तिथेच. काल वैतागून लिहिलं, "असो, समजेल तेव्हा समजेल." तर तो आणखीच पेटला, म्हणे, "पुस्तकी लोकांना व्यवहार कळत नाही." कुठलं बोलणं सोडून द्यावं हे तुम्ही कसं ठरवता? आणि वाद थांबवताना काय लिहिता?

तिरकस:
सोडायचं कशाला? तुम्ही गप्प बसलात की बाकीचे धरून चालतात, याच्याकडे उत्तर नाही. मौन म्हणजे संमती, हे लोक उगाच म्हणत नाहीत. मी तर शेवटचा शब्द कधीच सोडत नाही.

जुनंखोड:
तिरकस, निम्मं पटलं. न्यायदर्शन या आपल्या जुन्या तर्कशास्त्रात वादात हरण्याच्या २२ जागा सांगितल्या आहेत, निग्रहस्थानं म्हणतात त्यांना. वेळेवर उत्तर न सुचणं ही त्यातली एक. पण कारण नसताना तेच ते पुन्हा बोलणं हीसुद्धा त्याच यादीत आहे, हे मात्र कोणी सांगत नाही.

आडवाट, मी काय करतो सांगतो. समोरच्याचं नवं बोलणं वाचताना, ज्याला मी आधीच उत्तर दिलंय तो भाग मनातल्या मनात खोडतो आणि काय उरतं ते बघतो. "कितीही नऊ लिहा" परत आलं तर सगळंच खोडलं जातं. "पुस्तकी लोकांना व्यवहार कळत नाही" यात उत्तर देण्यासारखं मुळात काही नव्हतंच. ही दोन्ही सोडायची. पण समजा तो म्हणाला, "मग १ मधून ०.९९९... वजा केले तर ०.०००...१ उरेल ना?" सूर तोच जुना, पण ही वजाबाकी तुमच्यात आधी झालेली नाही. इथे गप्प बसलात तर तिरकस म्हणतात तसं होईल. त्याला सांगायला हवं की शून्यं संपतच नसतील तर तो १ लिहायला जागाच येत नाही.

"असो"ला काही हरकत नाही हो, डंख मारला तो पुढच्या "समजेल तेव्हा"ने. मी असं लिहिलं असतं: "तुम्ही हवे तितके नऊ धरता, मी न संपणारे नऊ धरतो, आपलं इथे अडलंय. ०.९९९... आणि १ यांच्या मधली एखादी संख्या दाखवलीत तर मी परत बोलेन." बस. कुठे अडलं ते आणि कशाने परत येईन ते, एवढंच. थांबताना नवा मुद्दा टाकायचा नाही. टाकलात तर उत्तर द्यायचा हक्क त्याचा.

तिरकस:
"मधली संख्या दाखवा" हा काय मग आशीर्वाद? मुद्दाच आहे की! बाण सोडायचा आणि वर म्हणायचं, मी थांबलो.

जुनंखोड:
पकडलंत. आडवाट, हा मुद्दा तुम्ही आधी मांडला होता का? नसेल तर माझं ते वाक्य काढून टाका.

आडवाट:
दुसरी सिद्धता हीच होती. चालेल मग.

पाऊलखुणा:
माझं नेमकं उलटं आहे. आईच्या औषधांचा खर्च कसा वाटून घ्यायचा, हे बहिणीला चारदा विचारलं. दर वेळी तिचं एकच, "ताई, तेच तेच किती उगाळणार? मला यावर बोलायचं नाही." तुमच्या या खोडाखोडीने तर मीच चुकीची ठरते.

जुनंखोड:
नाही ठरत. उत्तर दिलेला भाग खोडायचा. तुमच्या प्रश्नाला एकदाही उत्तर मिळालेलं नाही, म्हणजे चारही वेळा तो अख्खा उरतो. तिने "मी अमुक इतकेच देऊ शकते" असं एकदा म्हटलं असतं, आणि तरी तुम्ही पाचव्यांदा तेच विचारलं असतंत, तर ते उगाळणं.

पाऊलखुणा:
आणि दिलेलं उत्तर मला अन्यायाचं वाटलं तर? तेव्हाही गप्प बसायचं?

जुनंखोड:
तिथे माझी कसोटी तोकडी पडते, खरंय. गणिताच्या वादात थांबलं तर कोणाच्या खिशाला चाट बसत नाही.

आडवाट:
ते वाक्य पाठवलं. तासाभरात उत्तर हजर: "घ्या मधली संख्या. अनंत नऊ आणि शेवटी ५." आता हे नवं धरू की जुनं?

तिरकस:
नवं! तुम्हीच आवतण दिलंत, आता पाहुणचार करा.

जुनंखोड:
खोडून बघा. "शेवटी" हा शब्द उरतो. त्याला तुम्ही कधी उत्तर दिलं होतं का?

आडवाट:
...नाही. तीनही सिद्धतांमध्ये ते राहूनच गेलं.