एसीएल तुटलं की लगेच ऑपरेशन?

विंगर_नौपाडा: आमच्या टर्फ ग्रुपमधल्या मित्राचा एमआरआय आला. वय ३१, आठवड्यातून दोनदा फुटबॉल. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं लिगामेंट, पूर्ण तुटलंय आणि फिजिओ म्हणतो, आधी तीन महिने व्यायाम करून बघ. याचा मला राग येतो. तुटलेली दोरी उठाबशा काढून जोडली जात नाही. सूज वगैरेची वाट न बघता या आठवड्यात ऑपरेशन करायचं आणि सहा महिन्यांत मैदानात. बाकी सगळा वेळेचा आणि पैशाचा चुराडा.

फिजिओ_ठाणे: बारा वर्षं रोज हेच गुडघे हाताळते, म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या पोस्टमधलं "सूज वगैरेची वाट न बघता" हे वाक्य वाचून कुणी तसं केलं, तर त्याचं नुकसान होईल.

लिगामेंट तुटल्यावर सांध्यात रक्त उतरतं आणि दोन-चार तासांत गुडघा नारळासारखा फुगतो. वाटीवर अंगठा दाबला की ती पाण्यावर तरंगल्यासारखी खाली जाते आणि वर येते. या अवस्थेत मांडीचा पुढचा स्नायू जणू झोपी जातो. माणूस कितीही जोर लावो, पाय पूर्ण सरळ होत नाही. असा गरम, फुगलेला, न वळणारा गुडघा उघडला की आत चिकट व्रण धरण्याचा धोका वाढतो. मग तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेला टेंडन, म्हणजे ग्राफ्ट, उत्तम बसला तरी गुडघा ताठ राहतो. म्हणून शेवटी ऑपरेशनच करायचं ठरलं तरी आधीचे काही आठवडे गुडघा शांत करण्यात जातात. ते वाया जात नाहीत.

माझ्याकडच्या एका मुलाचं सांगते. वय २९, मिडफिल्डर. दुसऱ्या आठवड्यात आला तेव्हा पाय सरळ व्हायला दहा अंश कमी होते. टाचेखाली उशी ठेवून गुडघा हवेत सोडायचा, दिवसातून पाच-सहा वेळा दहा-दहा मिनिटं, एवढंच काम तीन आठवडे केलं. वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे पुन्हा दिसू लागल्यावर मग लेग प्रेस, एका पायावर उठणं-बसणं, पायऱ्या. अकराव्या आठवड्यात त्या मांडीची ताकद चांगल्या पायाच्या ८५ टक्के होती आणि तो सरळ रेषेत आरामात पळत होता. चौदाव्या आठवड्यात दिशा बदलून पळायला लावलं तर दोनदा गुडघा सटकला आणि दुसऱ्या दिवशी सूज आली. तिथेच थांबलो. ताकद असूनही गुडघा निसटतो, याचा अर्थ त्याला हा खेळ लिगामेंटशिवाय जमणार नव्हता. ऑपरेशन झालं. मांडी तयार असल्यामुळे नंतरचा काळ त्याला सोपा गेला.

त्याच सुमारास एक ३६ वर्षांचे गृहस्थ आले होते. रविवारी गोलकीपर, बाकी सायकल. त्यांचा गुडघा एकदाही सटकला नाही. चार वर्षं झाली, ऑपरेशन नाही. एमआरआय दोघांचा जवळपास सारखाच होता. निर्णय कागदावर होत नाही, गुडघा काम करताना काय करतो त्यावर होतो.

विंगर_नौपाडा: म्हणजे तुमच्याच उदाहरणात पहिल्याचं ऑपरेशन झालंच ना? साडेतीन महिने उशिरा. शिवाय दोनदा सटकला, तेव्हा मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी, फाटला असता तर? ती जबाबदारी कुणाची?

फिजिओ_ठाणे: तो धोका खरा आहे, नाकारत नाही. म्हणूनच चाचणी माझ्या डोळ्यांसमोर घेतली, मॅचमध्ये नाही. "बघू या" म्हणत वर्षभर सटकणारा गुडघा घेऊन खेळणारे असतात आणि त्यांच्या गाद्यांच्या चिंध्या होतात. त्याला व्यायामोपचार म्हणत नाहीत.

हाडवैद्य_नाशिक: ऑर्थोमध्ये रेसिडेन्सी करतोय. फिजिओताई अर्धंच चित्र देतायत. २०२२ मध्ये ब्रिटनमधला ३१६ जणांचा अभ्यास आला. त्यात थेट ऑपरेशनवाल्यांचे गुडघे दीड वर्षाने व्यायामवाल्यांपेक्षा स्पष्टपणे चांगले होते. व्यायामवाल्यांतल्याही ४० टक्क्यांच्या आसपास लोकांनी शेवटी ऑपरेशन करून घेतलं.

फिजिओ_ठाणे: डॉक्टर, तो अभ्यास जुन्या दुखापतींचा आहे, ज्यांचा गुडघा आधीपासून निसटत होता अशांचा. ताज्या दुखापतीसाठी स्वीडनचा बघा, २०१० चा. १२१ तरुण, अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन, अर्ध्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तर ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांची स्थिती सारखी. दुसऱ्या गटातल्या ५९ पैकी २३ जणांचं तोवर ऑपरेशन झालं होतं, पाच वर्षांत निम्म्यांचं. उरलेल्या निम्म्यांना लागलंच नाही. मी त्या निम्म्यांबद्दल बोलतेय.

हाडवैद्य_नाशिक: मान्य, गट वेगळे आहेत. पण स्वीडनमध्ये फिजिओ आठवड्याला किती वेळा बघतो आणि आपल्याकडे माणूस व्हिडिओ बघून किती व्यायाम करतो, हेही लिहा. माझ्या ओपीडीत "तीन महिने व्यायाम केला" म्हणणाऱ्यांची मांडी टेपने मोजली की दोन-तीन सेंटिमीटर बारीक निघते.

फिजिओ_ठाणे: हे मात्र खरं आहे. नाइलाजाने कबूल करते.

तालमीचा_स्टॉपर: कोल्हापूरहून लिहितोय. सगळे ऑपरेशनवर भांडताय, पण हे गुडघे तुटतात कशाने ते कुणी बोलत नाही. आम्ही मातीत वाढलो. ढोपरं फुटली, पण लिगामेंटचं नाव ऐकलं नव्हतं. हे प्लॅस्टिकचे टर्फ आल्यापासून दर महिन्याला कुणीतरी कुबड्यांवर.

टर्फमालक_पुणे: दादा, दोष टर्फवर ढकलू नका. माझ्या गेटवर पाटी आहे, फक्त छोट्या रबरी उंचवट्यांचे टर्फ शूज. तरी लोक गवताच्या मैदानाचे लांब, पात्यांसारखे स्टड घालून येतात. पाय जमिनीत रुततो आणि अंग फिरतं. अडवलं की तासाचे पैसे परत मागतात.

तालमीचा_स्टॉपर: आणि तुमच्या टर्फमधले काळे रबराचे दाणे? सुरुवातीला भरपूर असतात, दोन वर्षांनी कोपऱ्यात ढीग आणि गोलसमोर नुसती चटई. ब्रश कधी मारता? जोडाची शिवण उसवलेली मी डोळ्यांनी पाहिलीय, माझ्या भाच्याचा पाय तिथेच अडकला.

टर्फमालक_पुणे: सगळ्यांना एका मापाने मोजू नका. आमच्याकडे दर पंधरवड्याला ब्रशिंग होतं. रात्री अकराचा स्लॉट, दिवसभर खुर्चीत बसून आलेला माणूस, वॉर्मअप शून्य, आल्या आल्या स्प्रिंट. त्याचं बिलही माझ्याच नावावर?

तालमीचा_स्टॉपर: तासाला दीड हजार घेताना वॉर्मअप विचारता का? पैसा मोजताना तुमचं, गुडघा मोडल्यावर खेळाडूचं. ही कुठली रीत?

फिजिओ_ठाणे: दोघेही जरा थांबा. बहुतेक एसीएल कुणाचा धक्का न लागता तुटतात. पळता पळता थांबताना, वळताना, उडीवरून एका पायावर उतरताना. बुटाची पकड जास्त असेल तर पाय सुटत नाही, हे मालकांचं बरोबर. मातीतही तुटायचं, पण एमआरआय नव्हता. "गुडघा लचकला" म्हणत माणूस खेळ सोडायचा.

तालमीचा_स्टॉपर: आमच्या मोठ्या बंधूंचं अगदी तसंच झालं होतं, आता आठवतंय. पण चटईबद्दल मी मागे हटत नाही.

सुलेखा_डोंबिवली: माझ्या आईचे दोन्ही गुडघे झिजलेत, वय ६८. तिलाही आधी व्यायाम करून बघावा का? डॉक्टर वाटी बदला म्हणतात.

फिजिओ_ठाणे: ताई, तो वेगळा विषय आहे. इथे तरुण माणसाचं तुटलेलं लिगामेंट चाललंय. आईंसाठी वेगळा धागा काढा, मी तिथे नक्की लिहीन.

लेफ्टबॅक_मडगाव: मी सहा महिन्यांवाला. हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट, सर्जनने काम उत्तम केलं होतं. दुखत नव्हतं, सूज नव्हती, म्हणून साडेपाच महिन्यांत मैदानात उतरलो. तिसऱ्या मॅचमध्ये तोच आवाज, गाजर मोडल्यासारखा. दुसऱ्या ऑपरेशनला वाटीखालचा टेंडन घ्यावा लागला. आज गुडघे टेकून बसता येत नाही, चर्चमध्ये उभाच राहतो. विंगरभाऊ, सहा महिन्यांची आशा कुणाला देऊ नका.

फिजिओ_ठाणे: न दुखणं ही फसवी खूण आहे. नवा ग्राफ्ट म्हणजे आधी मेलेली दोरी. शरीर तिच्यात हळूहळू रक्तवाहिन्या घालतं आणि मधल्या काही महिन्यांत ती उलट कमजोर होते. नॉर्वेतल्या २०१६ च्या अभ्यासात नवव्या महिन्यापर्यंत मैदानात उतरणं जितके महिने लांबवलं, तितका दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचा दर निम्म्याने उतरला. लिव्हरपूलच्या व्हॅन डाइकसारख्या खेळाडूचं लिगामेंट ऑक्टोबर २०२० मध्ये गेलं आणि लीगमध्ये तो उतरला ऑगस्ट २०२१ मध्ये. त्याच्या दिमतीला अख्खा क्लब होता.

विंगर_नौपाडा: ठीक, सहा महिने मागे घेतो. पण तुटलेली दोरी जोडली जात नाही हे तरी मान्य करा.

फिजिओ_ठाणे: तेही सरसकट नाही. ऑस्ट्रेलियात ८० जणांचा गुडघा पट्ट्यात ९० अंशात चार आठवडे वाकवून ठेवला, मग हळूहळू सरळ केला. तीन महिन्यांनी दहापैकी नऊ जणांच्या एमआरआयवर लिगामेंट सांधत असल्याच्या खुणा दिसल्या. पण तुलनेला दुसरा गट नव्हता आणि पाय तसा बांधून ठेवला की रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो. सगळ्यांना लागू पडेल असं मी म्हणणार नाही.

नवा_सदस्य_०७: मीच तो मित्र. धागा वाचतोय. आज अठरावा दिवस. सूज बरीच उतरली, पण पाय सरळ होत नाही. वीसेक अंशांवर काहीतरी अडतं, खुंटी बसावी तसं. एमआरआयच्या दुसऱ्या पानावर "मेडियल मेनिस्कस, बकेट हॅन्डल" असं लिहिलंय. ते कुणी वाचलंच नव्हतं.

फिजिओ_ठाणे: दुखल्यामुळे थांबता की खरंच पुढे जात नाही? कुणी हळूच सरळ केला तरी?

नवा_सदस्य_०७: खरंच जात नाही. रबरासारखं परत येतं.

फिजिओ_ठाणे: मग मी वर लिहिलेलं तुम्हाला लागू नाही. फाटलेली गादी बादलीच्या कडीसारखी उलटून मधे अडकली असावी. हे उशी ठेवून सुटत नाही आणि जोर लावून सरळ करू नका, ती आणखी फाटेल. याच आठवड्यात गुडघ्याच्या सर्जनला दाखवा आणि गादी काढण्याऐवजी शिवता येईल का ते आधी विचारा. जितक्या लवकर, तितकी शिवण धरण्याची शक्यता जास्त. शिवली तर पहिले काही आठवडे वजन टाकण्यावर आणि वाकवण्यावर बंधनं येतील. लिगामेंट त्याच वेळी की नंतर, हे ते गुडघा बघून ठरवतील.

विंगर_नौपाडा: म्हणजे याच्यापुरतं मी म्हणालो तेच.

फिजिओ_ठाणे: लवकर ऑपरेशन, हो. तुम्ही दिलेल्या कारणासाठी नाही.

हाडवैद्य_नाशिक: यात ताईंशी शंभर टक्के सहमत. तोवर कुबड्या सोडू नका.

नवा_सदस्य_०७: गुरुवारची वेळ मिळालीय. दोन्ही पानं घेऊन जातो.

टर्फमालक_पुणे: दादा, पडला तेव्हा पायात बूट कुठले होते?

नवा_सदस्य_०७: लांब स्टडचे.

तालमीचा_स्टॉपर: आणि टर्फ किती वर्षांचा होता, तेही विचारा.