मदत हवी आहे: फोरजी राउटरला बाहेरचा अँटेना, की राउटरच छतावर?

गगनबावड्याजवळच्या गावात घर आहे, कौलारू. टॉवर डोंगराच्या कडेपलीकडे, नजरेला दिसत नाही. राउटर सिमवर चालतो, मागे अँटेनासाठी दोन एसएमए सॉकेट आहेत. बँड ३, म्हणजे १८०० मेगाहर्ट्झ, लॉक केला आहे. माजघरात RSRP -११४ आणि SINR १ दिसतो. एक्स्टेन्शन लावून राउटर कौलांच्या वर धरला तर -१०२ आणि ९. सिम बदलून पाहिलं. दुसऱ्या कंपनीची रेंज त्याहून वाईट. बूस्टर सुचवू नका, विनापरवाना तो बेकायदा आहे.

दुकानदार ११ डीबीआयचे दोन लॉग पिरिऑडिक अँटेना आणि १२ मीटर आरजी५८ केबल देतोय. पण १८०० वर ही केबल मीटरला पाऊण डीबी तरी खाते, म्हणजे जवळजवळ ९ डीबी वाटेतच गेले! जाड एलएमआर ४०० परवडत नाही, वळतही नाही.

म्हणून विचार असा: राउटर वळचणीखाली पेटीत, केबल दोनच मीटर, खाली फक्त लॅनची वायर. इथला पाऊस, पेटीतली वाफ आणि विजा बघता हे टिकेल का? आणि टॉवर आडोशाला असताना दोन्ही अँटेना उलटसुलट ४५ अंशांत तिरके लावायचे, की एक उभा, एक आडवा?