एसटीपीच्या सेटलिंग टाकीत गाळ वर येतोय, मदत हवी आहे (तातडीने)

घोडबंदरकर: ठाण्यात सोसायटी आहे. सेटलिंग टाकीत दुपारी तपकिरी गाळाचे पोळीएवढे तुकडे वर येतात आणि फ्लशच्या पाण्यात जातात. ऑपरेटर म्हणतो, कल्चर पावडर टाका. टाकू का? रविवारी मीटिंग आहे.

ऐरोली_७: हवा कमी पडतेय. ब्लोअर चोवीस तास चालवा. आमच्याकडे वास येत होता, तो असाच गेला.

सांडपाणीवाला: घाई नको. गाळ मुळात बसतच नाही, की बसून मग वर येतो? एरेशन टाकीतलं पाणी लिटरच्या मेजरिंग सिलिंडरमध्ये घ्या आणि दोन तास हलवू नका. पीएच किती? गाळ शेवटचा कधी काढला?

घोडबंदरकर: अर्ध्या तासात छान बसला, वर पाणी नितळ. दीड तासाने गोळे वर आले, बुडबुड्यांसकट. काडीने ढवळलं तर परत खाली गेले. पीएच ६.४. फिल्टर प्रेस बंद आहे, गाळ दिवाळीपासून काढलेला नाही.

सांडपाणीवाला: मग पावडर नकोच, जिवाणू भरपूर आहेत. नायट्रोसोमोनास अमोनियाचं नायट्राइट करतो, नायट्रोस्पायरासारखे पुढे नायट्रेट करतात. हे सावकाश वाढतात, पण तुम्ही गाळ काढलाच नाही, त्यामुळे टिकून राहिले. त्यात मे महिना, उकाडा, निम्मी घरं गावाला आणि ब्लोअर तेवढाच. अमोनियातल्या एक ग्रॅम नायट्रोजनमागे सातेक ग्रॅम अल्कलिनिटी खर्च होते, म्हणून पीएच उतरला. पुढे सेटलिंग टाकीच्या तळाशी प्राणवायू संपला की गाळातले दुसरे जिवाणू नायट्रेटवर श्वास घेतात. त्यातून नायट्रोजन वायू सुटतो आणि बुडबुडे गाळाला उचलतात.

ऐरोली_७: म्हणजे प्राणवायू कमी आहे, हेच मी म्हटलं!

सांडपाणीवाला: कमी आहे तो सेटलिंग टाकीत. एरेशनमध्ये हवा वाढवलीत तर नायट्रेट आणखी होईल. आधी रिटर्न पंप बघा, गाळ तळाशी साचून राहता कामा नये. मग रोज थोडा थोडा गाळ बाहेर काढा, एकदम नको.

खारघरची_बाग: मी कुंड्यांना एसटीपीचंच पाणी घालते, वर युरियाही. तरी पानं पिवळी का?

सांडपाणीवाला: ताई, कुंडीत पाणी साचतं का? चिंब मातीत हेच घडतं, युरियातला नायट्रोजन नायट्रेट होऊन शेवटी हवेत जातो. थोडा नायट्रस ऑक्साइड होऊनही जातो. आधी भोकं मोकळी करा.

ऐरोली_७: ब्लोअर रात्री थोडा वेळ बंद ठेवला तर? एरेशन टाकीतच नायट्रेट संपेल.

सांडपाणीवाला: ते जमतं, थोडी अल्कलिनिटीही परत मिळते. पण फार वेळ बंद राहिला तर अमोनिया तसाच उरतो आणि वास सुटतो. अमोनिया मोजल्याशिवाय मी करणार नाही.

ऐरोली_७: आम्ही न मोजताच करतो, चालतंय.

घोडबंदरकर: रिटर्न पंप चोकअप निघाला! साफ केल्यावर संध्याकाळपासून तुकडे कमी आहेत. पण प्रेस दुरुस्त होईपर्यंत काढलेला गाळ ठेवायचा कुठे?