मदत हवी आहे: ५ आणि ८ लिटरच्या भांड्यांनी ४ लिटर, कमीत कमी किती कृतींत?

अक्षांश: ५ आणि ८ लिटरची, खुणा नसलेली दोन भांडी आहेत, नळाला हवे तेवढे पाणी आहे आणि कोणत्याही एका भांड्यात ४ लिटर उरवायचे आहे. दोन्ही संख्यांचा मसावि १ असल्याने हे जमणार, एवढे समजते. ६ आणि ९ लिटरची भांडी असती, तर पाणी सतत ३ च्या पटीतच राहिले असते. भरणे, ओतणे आणि रिकामे करणे यांपैकी प्रत्येकाला एक कृती मानून, ८ चे भांडे आधी भरल्यास मला १२ कृती लागतात. याहून छोटा मार्ग आहे की नाही, हे कसे ठरवावे?

माधुकरी: ३×८ − ४×५ = ४, म्हणजे मोठे भांडे तीनदा भरायचे. उलट बाजूने ४×५ − २×८ = ४, तिथे लहान भांडे चारदा भरावे लागते. भरणे जिथे कमी, तो मार्ग छोटा. तेव्हा १२ हेच उत्तर असावे.

त्रिज्या: माधुकरी, समीकरणे दोन्ही बरोबर आहेत, पण केवळ भरणे मोजून चालणार नाही, कारण वजा झालेले पाणी ओतून द्यायलाही कृती लागतात. (लहान, मोठे) अशी नोंद ठेवून लहानापासून सुरुवात करा: (५,०), (०,५), (५,५), (२,८), (२,०), (०,२), (५,२), (०,७), (५,७), (४,८). या १० कृती झाल्या. पहिल्या समीकरणात ३ + ४ = ७ आणि दुसऱ्यात ४ + २ = ६; इथे ही बेरीज ज्या बाजूला लहान, तो मार्ग छोटा.

याहून छोटा मार्ग का नाही, हे (२,८) पाशी थांबून पाहावे. लहान भरले तर (५,८), लहान रिकामे केले तर (०,८), मोठ्यातून लहानात ओतले तर पुन्हा (५,५). म्हणजे एकतर मागे जाणे किंवा सुरुवातीच्याच स्थितींत परतणे. पुढे नेणारी कृती मोठे रिकामे करण्याची, एवढी एकच. हे प्रत्येक टप्प्यावर घडते, त्यामुळे पहिली कृती ठरली की पुढचा मार्ग आपोआप ठरतो आणि तुलना दोनच मार्गांची उरते.

नीरजा_क: माझ्याकडच्या कोड्यात ८ लिटरचे भांडे भरलेले आहे, ५ आणि ३ ची रिकामी आहेत, आणि ४-४ अशी वाटणी ७ वेळा ओतून होते. मग इथे १० कशा?

त्रिज्या: तुमच्या कोड्यात नळ नाही, तिथे ८ चे भांडेच नळाचे आणि मोरीचेही काम करते, आणि मोजणारी भांडी ५ व ३ ची आहेत. प्रश्न वेगळा आहे.

अक्षांश: मन:पूर्वक आभार. ४ लिटर मोठ्याच भांड्यात हवे असतील, तर (४,८) नंतर मोठे रिकामे करून त्यात ओतावे लागेल, म्हणजे दोन्ही मार्ग १२ कृतींचेच होतील. मात्र नळासह तीन भांडी असतील, तर एका स्थितीतून पुढे जाणाऱ्या वाटा अनेक होतात. तिथे सर्व स्थिती क्रमाने तपासण्यावाचून काही उपाय आहे का?